शंभर पार्सल पाठवली, हातात किती उरले? ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांसाठी किंमत, खरेदी आणि परतीचा हिशेब

घरातून कुर्ती, साड्या, लहान मुलांचे कपडे विकणाऱ्या अनेकजणी एकच तक्रार सांगतात. रोज पार्सल जातात, ऑर्डरी वाढल्यात, पण नवीन माल भरायची वेळ आली की खात्यात पैसा नसतो. बहुतेक वेळा चूक हिशेबाच्या पद्धतीत असते. एका कुर्तीवर किती सुटतात हे सगळ्यांनी काढलेलं असतं, पण पाठवलेल्या शंभर पार्सलांमागे किती सुटतात हे फार थोड्यांनी काढलेलं असतं. परत येणारं पार्सल त्या एका कुर्तीच्या हिशेबात कुठेच बसत नाही, त्यामुळे किंमत चुकते आणि खरेदीही चुकते.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. स्वतःच्या सोशल मीडिया पेजवरून सुती कुर्ती विकणारी, जीएसटी नोंदणी असलेली, महिन्याला साधारण शंभर पार्सल पाठवणारी आणि बहुतेक ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीवर, म्हणजे सीओडीवर, घेणारी विक्रेती. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तिथे तुमचे टाका. क्रम मात्र बदलू नका. आधी मोजणी, मग किंमत, त्यानंतर खरेदी.

## टप्पा १ : हिशेबाला बसण्याआधी काय जमवायचं

गेल्या दोन महिन्यांची कुरिअरची बिलं, सीओडीचे जमा झालेले पैसे दाखवणारी शीटं, होलसेलरची पक्की बिलं आणि जाहिरातीवरचा खर्च एकत्र करा. मग एक वही किंवा स्प्रेडशीट घ्या आणि प्रत्येक पार्सलला एक ओळ द्या. तारीख, कुरिअरने पार्सलला दिलेला एडब्ल्यूबी नंबर, डिझाइन, साइज, सीओडी की आधी भरलेलं, आणि शेवट काय झाला एवढं त्या ओळीत हवं.

शेवट तीनच प्रकारचा असतो. ग्राहकाने माल ठेवला. ग्राहकाने पार्सल घेतलंच नाही आणि ते तसंच परत आलं, ज्याला कुरिअरवाले आरटीओ म्हणतात. किंवा ग्राहकाने घेतलं, उघडलं आणि मग परत केलं. शेवटच्या दोन प्रकारांना सरसकट ‘रिटर्न’ म्हणू नका. त्यांची कारणं वेगळी, खर्च वेगळा आणि इलाजही वेगळा.

तपासा : पाठवलेली पार्सलं = ठेवलेली + आरटीओ + ग्राहकाने परत केलेली + अजून वाटेत असलेली. ही बेरीज जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. न जुळणारी पार्सलं बहुधा हरवलेली असतात, आणि त्यांचा दावा कुरिअरकडे करायचा राहून गेलेला असतो.

## टप्पा २ : एका कुर्तीचा खरा भाव काढा

होलसेलरचा भाव म्हणजे तुमचा भाव नव्हे. समजा कुर्ती जीएसटी सोडून ३०० रुपयांना पडली. गठ्ठ्याचं वाहतूक भाडं, धागे कापणं, इस्त्री मिळून नगामागे १२ रुपये धरू. घरात पोहोचलेली कुर्ती ३१२ रुपयांची झाली. पुढचे सगळे हिशेब ३१२ वर चालतील.

विक्रीचा आकडाही जीएसटी काढून घ्या. ६९९ रुपयांच्या कुर्तीवर ५ टक्के कर आहे, म्हणून ६९९ ला १.०५ ने भागा. उरतात ६६६. वरचे ३३ रुपये तुमचे नाहीत. खरेदी, कुरिअर आणि जाहिरातीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट यातून वजा होतं, त्यामुळे प्रत्यक्ष भरणा कमी होतो. पण त्यासाठी होलसेलरचं पक्कं बिल तुमच्या जीएसटी नंबरवर हवं आणि ते जीएसटी पोर्टलवर तुमच्या जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या यादीत दिसायला हवं.

सावध : कच्च्या बिलावर दहा रुपये स्वस्त मिळालेला माल स्वस्त नसतो. ३०० रुपयांवर मिळणारं १५ रुपयांचं क्रेडिट बुडतं आणि विक्रीवरचा कर मात्र चुकत नाही.

बाकीचे खर्च असे धरू. पिशवी, लेबल, टॅग १० रुपये. जाण्याचं कुरिअर ७०. सीओडीचं शुल्क ३०, तेही पार्सल पोहोचलं तरच. एका ऑर्डरमागे जाहिरात ६०. बहुतेकजणी इथेच थांबतात. ६६६ मधून ३१२, १०, ७०, ३०, ६० वजा केले की १८४ उरतात, आणि ‘कुर्तीमागे १८४ सुटतात’ हे डोक्यात पक्कं बसतं.

## टप्पा ३ : शंभर पार्सलांचा हिशेब मांडा

आता शंभर पार्सल पाठवली असं धरा. २० आरटीओ झाली, ८० पोहोचली. त्या ८० पैकी ६ ग्राहकांनी परत केली. ७४ टिकली. परत आलेल्या २६ पैकी ४ कुर्ती डाग, फाटणं किंवा अदलाबदल यामुळे विकण्याजोग्या राहिल्या नाहीत.

- जमा : ७४ × ६६६ = ४९,२८४
- टिकलेला माल : ७४ × ३१२ = २३,०८८
- पॅकिंग : १०० × १० = १,०००
- जाण्याचं कुरिअर : १०० × ७० = ७,०००
- सीओडी शुल्क : ८० × ३० = २,४००
- आरटीओचं परतीचं भाडं : २० × ६० = १,२००
- ग्राहकाकडून परत आणणं : ६ × ९० = ५४०
- जाहिरात : १०० × ६० = ६,०००
- खराब झालेल्या ४ कुर्ती : १,२४८
- उरलेल्या २२ ची पुन्हा इस्त्री आणि पिशवी : २२ × १२ = २६४

एकूण खर्च ४२,७४०. हातात उरले ६,५४४. टिकलेल्या कुर्तीमागे हे ८८ रुपये होतात, १८४ नव्हेत. यात मदतनिसाचा पगार, मोबाइल आणि इंटरनेट, फोटोचा खर्च, तुमची स्वतःची मेहनत काहीच धरलेलं नाही.

परतीचं भाडं त्यामानाने छोटं आहे हे या यादीत दिसतं. मोठा मार बसतो तो आधीच होऊन गेलेल्या खर्चाचा. परत आलेल्या २६ पार्सलांवर जाण्याचं भाडं आणि जाहिरात मिळून प्रत्येकी १३० रुपये गेले, आणि ते टिकलेल्या ७४ कुर्तींनी भरले. म्हणून ‘परत आलं तर कुरिअरचेच जातात ना’ हा समज खोटा ठरतो.

नेहमीची चूक : हा हिशेब चालू महिन्यावर मांडणं. पार्सल परत यायला पंधरा-वीस दिवसही लागतात. चालू महिन्यात परती नेहमी कमी दिसतात, कारण त्या अजून रस्त्यात असतात. दीड महिन्यापूर्वी पाठवलेली शंभर पार्सलं घ्या, म्हणजे सगळ्यांचा निकाल लागलेला असेल.

## टप्पा ४ : किंमत ठरवा, आणि सवलत देण्याआधी ती तपासा

किंमत शेजारच्या पेजकडे बघून ठरवली जाते. तिची परतीची संख्या तुम्हाला माहीत नसते, त्यामुळे तिची किंमत तुम्हाला काहीच सांगत नाही.

उलट्या बाजूने चला. शंभर पार्सलांचा खर्च ४२,७४०. महिन्याचे ठरलेले खर्च ६,००० आणि स्वतःचा मोबदला किमान ८,००० असं धरलं, तर ५६,७४० रुपये यायला हवेत. ते ७४ कुर्तींतून यायचे आहेत, म्हणजे एकीमागे ७६७. त्यावर ५ टक्के कर चढवला की ८०५ रुपये. म्हणजे ६९९ ही किंमत या धंद्याला पुरणारीच नाही. हे समजलं की तीन रस्ते उरतात. किंमत वाढवायची, परती कमी करायच्या किंवा माल स्वस्त मिळवायचा. चौथा रस्ता, ‘जास्त विकू म्हणजे भागेल’, यात ठरलेल्या खर्चाचा भार थोडा वाटला जातो हे खरं, पण पार्सलामागे ६५ रुपये सुटत असताना १४,००० भरून काढायला महिन्याला सुमारे दोनशे पंधरा पार्सलं लागतील, आणि तेवढ्या मालात अडकवायला पैसाही लागेल.

सणाच्या सवलतीचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. ६९९ वर १० टक्के सूट दिली की किंमत ६२९, कर काढून ५९९. टिकलेल्या प्रत्येक कुर्तीमागे ६७ रुपये गेले, ७४ कुर्तींमागे ४,९५८. उरलेल्या ६,५४४ मधून ते वजा करा. हातात १,५८६ राहतात. ग्राहकाला दहा टक्के वाटले, तुमचे मात्र तीन चतुर्थांश गेले.

एक सूट मात्र मी मोकळ्या मनाने द्यायला सांगेन, ती म्हणजे आधी पैसे भरणाऱ्याला ४० रुपये. कर वजा जाता ती ३८ ला पडते, सीओडीचे ३० वाचतात, आणि पैसे भरलेला ग्राहक दारातून पार्सल क्वचितच परत पाठवतो. पेमेंट गेटवे वापरत असाल तर त्याचं शुल्क तेवढं यात धरा.

तपासा : कोणतीही ऑफर जाहीर करण्याआधी ती टप्पा ३ च्या यादीत घालून शेवटचा आकडा पाहा. फक्त ‘१८४ मधून ७० गेले तरी ११४ उरतात’ असं तोंडी गणित करू नका.

## टप्पा ५ : खरेदी टिकलेल्या मालावर करा, पाठवलेल्यावर नको

नफा गिळला जाण्याची सर्वांत मोठी जागा हीच आहे, आणि ती दिसत नाही. महिन्यात शंभर कुर्ती गेल्या म्हणून पुढच्या महिन्यासाठी पुन्हा शंभर मागवल्या जातात. पण २२ विकण्याजोग्या कुर्ती परत येतच असतात. त्या शंभर आणि या बावीस. जादा २२ कुर्तींचे ६,८६४ रुपये दर महिन्याला कपाटात जातात. आपला महिन्याचा नफा ६,५४४ होता. कागदावर नफा आहे, सगळा पैसा कपड्यांच्या रूपात घरात आहे आणि खात्यात शून्य आहे, याचं कोडं इथे सुटतं.

म्हणून या उदाहरणात महिन्याची खरेदी ७५ ते ८० नगांची हवी. कधी मागवायचं तेही असंच काढा. होलसेलरकडून माल यायला दहा दिवस लागतात असं धरू. दहा दिवसांत साधारण ३३ जातील, ७ परत येतील, निव्वळ २६ लागतील. वर आठ-दहा हाताशी ठेवा. म्हणजे साठा ३५ च्या आसपास आला की ऑर्डर द्यायची. मोजताना कपाटातला माल आणि वाटेतला परतीचा माल वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. वाटेतला माल हातात येऊन तपासून होईपर्यंत तो साठा नाही.

एकूण आकडा मात्र फसवू शकतो, कारण साइज. होलसेलमध्ये कुर्ती बहुधा सेटने मिळते, एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल, प्रत्येकी एक. विक्री तशी होत नाही. समजा एल आणि एक्सएल पटापट जातात. मग त्या दोन साइजसाठी पुन्हा पूर्ण सेट घेतला की एम आणि डबल एक्सएलचा ढीग वाढतो. फोटोखाली ‘उपलब्ध’ लिहिलेलं असतं, पण मागितलेली साइज नसते. सुटे साइज देणारा होलसेलर नगामागे पंधरा-वीस रुपये जास्त घेत असेल, तरी ठरलेल्या डिझाइनसाठी तो बहुधा परवडतो. एक न विकलेली कुर्ती म्हणजे ३१२ रुपये, आणि तेवढ्यात असे पंधरा-वीस नग सुटे घेता येतात.

सावध : नवीन डिझाइनचे आधी दोन सेट. सहा-सात आठवड्यांत जे हललं नाही ते आत्ता ३१२ च्या खाली गेलं तरी काढा. ठेवून त्याची किंमत वाढणार नाही, आणि सुटलेल्या पैशात चालणारी साइज येईल. अशी विक्री आधी भरलेल्या पैशांवरच ठेवा, सीओडीवर नको.

## टप्पा ६ : पार्सल हातातून सोडण्याआधी

आरटीओ २० वरून १२ वर आणलं तर काय होतं ते पाहा. किंमत ६९९ च ठेवली. ८८ पोहोचली, ७ ग्राहकांनी परत केली, ८१ टिकली, खराब निघाल्या ३. त्याच यादीत हे आकडे घातले की जमा ५३,९४६, खर्च ४४,३९०, उरले ९,५५६. म्हणजे दारातून परत येणारी आठ पार्सलं वाचवून ३,०१२ रुपये, एकेका पार्सलामागे जवळपास पावणेचारशे. एक फोन करायला लागणाऱ्या दोन मिनिटांची ही किंमत आहे. त्यात किंमत ७४९ केली, तर टप्पा ४ मध्ये मागितलेल्या १४,००० पैकी १३,३९० हातात येतात. एकट्या किंमतवाढीने तिथे पोहोचायला ८०५ लागत होते.

१. सीओडी ऑर्डर आल्यावर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर कुर्तीचा फोटो, साइज, रक्कम आणि पत्ता पाठवून ‘हो’ मागा. उत्तर नाही तर फोन. दोन्हीला प्रतिसाद नसेल तर पार्सल पाठवू नका.

२. पत्त्यात पिनकोड आणि जवळची खूण तपासा. ‘मारुती मंदिरामागे’ एवढ्यावर कुरिअरवाला पोहोचत नाही, गावात चार मारुती मंदिरं असतात.

३. साइज विचारू नका, माप विचारा. ग्राहकाला तिची नीट बसणारी एखादी कुर्ती सपाट ठेवून काखेखालून काखेपर्यंत इंचांत मोजायला सांगा आणि ते दुप्पट करा. तुमच्या तक्त्यातही तयार कपड्याचंच माप हवं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटणार असेल तर तसं लिहा.

४. याआधी एकदा पार्सल नाकारलेल्या नंबरला सीओडी बंद. कुरिअरचं भाडं आगाऊ घ्या.

५. पिशवी मोजा. बहुतेक कुरिअर आकारमानावरूनही वजन धरतात, लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागायचं. तुमच्या करारातला भाजक वेगळा असू शकतो, तो पाहून ठेवा. ३० × २५ × ३ ची पिशवी ०.४५ किलो भरते आणि अर्ध्या किलोच्या दरात बसते. तीच फुगून ४ सेंटिमीटर झाली की ०.६ किलो, आणि पुढचा दर लागतो. कुर्तीचं खरं वजन पाव किलोच्या आसपास असलं तरी. हवा दाबून काढा, आणि काट्यावर आणि पट्टीसह एक फोटो ठेवा. वजनाचा वाद आला की तोच पुरावा.

पार्सल निघाल्यावर काम संपत नाही. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा पडला की त्याच दिवशी ग्राहकाला विचारा. अनेकदा तिला फोनच आलेला नसतो. लगेच पुन्हा पोहोचवण्याची विनंती टाका. अशा न पोहोचलेल्या पार्सलांची यादी दोन दिवस उघडली नाही तर पार्सल परतीच्या गाडीत बसलेलं असतं.

## टप्पा ७ : परत आलेलं पार्सल चोवीस तासांत उघडा

परतीचा ढीग कोपऱ्यात साचू देणं म्हणजे विकण्याजोगा माल कैदेत ठेवणं. दावा करायची मुदतही त्यात निघून जाते. ती बहुधा काही दिवसांचीच असते.

बंद पार्सलचं लेबल कॅमेऱ्यात दाखवून, न थांबता व्हिडिओ चालू ठेवून उघडा. डाग, वास, फाटलेली शिवण, काढलेला टॅग, दुसराच कपडा, हे तिथेच दिसू द्या. मग लगेच वाटणी करा. जशी गेली तशी आली असेल तर इस्त्री करून साठ्यात. दुरुस्तीला लागणारी असेल तर वेगळ्या पिशवीत, आठवड्याच्या आत पूर्ण. न विकण्याजोगी असेल तर साठ्यातून वजा. वहीत कारण लिहा, साइज, रंग, कापड, उशीर की मन बदललं. एकाच डिझाइनमध्ये ‘रंग वेगळा’ तीनदा आलं, तर फोटो बदलेपर्यंत ते डिझाइन थांबवा.

‘नो रिटर्न’ लिहून सुटका होते असं समजू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. साइज न बसल्यास मात्र पैसे परत की फक्त बदली, हे तुम्ही ठरवू शकता. ते ऑर्डरआधी ग्राहकाला दिसायला हवं. बदलीत एका बाजूचं भाडं ग्राहकाने द्यायचं हे लिहून ठेवलं तर कुरकूर कमी होते.

नेहमीची चूक : परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे मूळ बिल वजा करणारा कागद, न काढणं. बिल झालेलं असतं, ते विक्रीत दिसतं आणि कधीच न झालेल्या विक्रीवर कर भरला जातो. आपल्या उदाहरणात २६ बिलांवर तेहतीसप्रमाणे ८५८ रुपये. परतीच्या नोंदीसोबतच क्रेडिट नोट काढा आणि महिन्याची यादी सीएकडे द्या.

## टप्पा ८ : सीओडीचा पैसा आला की लगेच वाटा

घरखर्चाच्या खात्यात सीओडीची रक्कम येऊ देऊ नका. धंद्याचं खातं वेगळं ठेवा आणि जमा झालेली रक्कम आधी एडब्ल्यूबी नंबरांशी जुळवा. पोहोचलेली ८० आणि पैसे ७८ चे असं होतं, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. कुरिअर स्वतःचं भाडं कापून उरलेलं देत असेल तर कापलेल्या वजनाच्या दरावरही नजर टाका.

मग पहिली वाटणी मालाची. जमा झालेल्या प्रत्येक कुर्तीमागे ३१२ रुपये माल-खात्यात. त्याला फक्त होलसेलरसाठी हात लावायचा. दुसरी वाटणी कराची, ३३ रुपये. क्रेडिट वजा होऊन जे वाचेल ते भरणा झाल्यावर सोडा. तिसरी, कुरिअर आणि जाहिरात. जे राहील त्याचाही पाव भाग महिनाभर तसाच ठेवा, कारण आज पैसे आलेल्या काही कुर्ती अजून परत यायच्या आहेत आणि त्यांचे ६९९ तुम्हाला द्यायचे आहेत.

महिन्यातून एकदा डिझाइननिहाय टप्पा ३ ची यादी भरा. शंभरच्या हिशेबात ज्या डिझाइनमध्ये साठपेक्षा कमी टिकतात, त्यांची जाहिरात त्याच दिवशी बंद करा आणि उरलेला माल फक्त आधी पैसे भरणाऱ्यांना विका.